वाटीभर आमटीचा हिशेब

आखेनला शिकायला गेलेल्या ऋचाला जिममधल्या ट्रेनरने विचारलं, "दिवसाला प्रथिनं किती खातेस?" तिने मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये 'तूरडाळ, ३०० ग्रॅम' अशी नोंद केली आणि एका वाडगाभर आमटीतून ६६ ग्रॅम प्रथिनं मिळाल्याचं पाहून ती खूश झाली.

आकडा अर्थातच खोटा होता. पाकिटावरचे आकडे १०० ग्रॅम कोरड्या डाळीचे असतात. वाडग्यातल्या आमटीत बहुतेक पाणीच.

मग तिने आईला फोन लावला.

"डाळ किती घेतेस गं?"

"वाटीभर. आपली स्टीलची."

"आणि तेल?"

"फोडणीपुरतं. पळीभर असेल."

आईने वाटी-पळी घरच्या काट्यावर ठेवली. डाळ १५० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम आणि 'चवीपुरता' गूळ १५ ग्रॅम भरला.

आता पाकीट. जर्मन लेबलवर 'आयवाइस' म्हणजे प्रथिनं, 'फेट' म्हणजे स्निग्धांश, 'कोलेनहिद्राटे' म्हणजे कर्बोदकं. त्याखाली लिहिलेली साखर कर्बोदकांत आधीच धरलेली असते, ती पुन्हा मिळवायची नाही. दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, त्यामुळे १,५ म्हणजे दीड. ऋचाला खरं कोडं पडलं ते कर्बोदकांचं. पाकिटावर ५५, तर अ‍ॅपमधल्या अमेरिकी नोंदीत ६४. डाळ तीच, पण युरोपात तंतू कर्बोदकांपासून वेगळे दाखवतात आणि अमेरिकेत त्यांतच धरतात. डाळीत तंतू सुमारे ९ ग्रॅम, म्हणून तेवढा फरक. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त एका हिशेबात दोन्ही मिसळायच्या नाहीत.

शंभर ग्रॅम डाळीत प्रथिनं २२ ग्रॅम, म्हणजे आईच्या वाटीत ३३. कर्बोदकं गुळासह ९७ च्या आसपास. स्निग्धांश २७ ग्रॅम, त्यातले २५ एकट्या तेलाचे. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, प्रथिनांतून ४. म्हणजे पळीभर तेलाच्याच सव्वादोनशे कॅलरी झाल्या. हिशेब फसतो तो बहुतेकदा इथेच, कारण तेल डोळ्यांनी मोजलं जातं. कोथिंबीर, हळद, हिंग यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

राहिलं पाणी. आमटी कुणी दाट करतं, कुणी पातळ, म्हणून ऋचाने रिकामं पातेलं आधी तोललं आणि आमटी झाल्यावर भरलेलं. आमटी भरली १२०० ग्रॅम. तिच्या वाडग्यात ३०० ग्रॅम मावते, म्हणजे पातेल्याचा चौथा भाग: प्रथिनं ८ ग्रॅम, कर्बोदकं २४, स्निग्धांश ७, एकूण दोनशेच्या आतबाहेर कॅलरी.

"एवढीच प्रथिनं?" आईला पटेना. "मग डाळ वाढव."

डाळ दुप्पट केली तरी वाडग्यात १६ ग्रॅमच होतात, आणि त्याबरोबर कर्बोदकंही वाढतात. ऋचाने आमटी आहे तशीच ठेवली आणि शेजारी कमी स्निग्धांशाचं क्वार्क घेतलं. चक्क्यासारखं दिसणाऱ्या या जर्मन पदार्थात १०० ग्रॅममागे सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं असतात.