कोणता कृष्ण?

समजा, आसगावच्या शाळेत प्रश्नमंजूषा चालू आहे. विषय आहे महाभारत. प्रश्न येतो : ‘कृष्णाचे वडील कोण?’ एक मुलगी म्हणते, ‘पराशर.’ गुरुजींच्या कागदावर ‘वसुदेव’ लिहिलेले असते, म्हणून तिला शून्य गुण मिळतात. पण तिचे उत्तर चूक आहे का?

महाभारतात कृष्ण या नावाची एकच व्यक्ती नाही. एक म्हणजे वसुदेव-देवकीचा मुलगा. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात मालिका दाखवली गेली, तेव्हापासून हाच कृष्ण सर्वांच्या डोळ्यांपुढे येतो. दुसरे कृष्ण द्वैपायन, म्हणजे व्यास. ते पराशर आणि सत्यवती यांचे पुत्र. तिसरा अर्जुन. विराटपर्वात उत्तराला तो आपली दहा नावे सांगतो, त्यांत कृष्ण हेही एक आहे. चौथी कृष्णा, म्हणजे द्रौपदी.

आता एकेक नाव गाळत जाऊ. द्रौपदीला आपले व्याकरणच बाजूला काढते. तिच्याविषयी विचारायचे असते, तर ‘कृष्णेचे वडील’ असे म्हटले असते. उरले तिघे. ‘पांडवांच्या पिढीतला की आधीचा?’ असे विचारले, की व्यास वेगळे होतात, कारण ते पांडवांचे आजोबा लागतात. राहिलेले दोघे मात्र एकाच पिढीतले, मामे-आतेभाऊ आणि युद्धात एकाच रथावर. संस्कृत महाभारतात या जोडीला ‘कृष्णौ’, म्हणजे दोन कृष्ण, असेही म्हटले आहे. तेव्हा ‘रथावरचा कृष्ण’ म्हणून भागत नाही. ‘रथ हाकणारा’ म्हटले, की उत्तर एकच उरते.

येथे एक गोष्ट ध्यानात येईल. प्रश्नात माहिती वाढवली म्हणजे तो नेमका होतोच असे नाही. ‘गीतेशी संबंध असलेल्या कृष्णाचे वडील कोण?’ हा प्रश्न लांब आहे, पण गीता एका कृष्णाने सांगितली, दुसऱ्याने ऐकली आणि तिसऱ्याने ग्रंथात गुंफली असे परंपरा मानते. या माहितीने तिघांपैकी एकही गळत नाही. ‘अर्जुनाला गीता सांगणाऱ्या’ असे म्हटले, तर दोघे गळतात. माहिती किती दिली यापेक्षा तिने किती जण वगळले, हे पाहायला हवे.

म्हणून प्रश्न काढून झाला, की त्या नावाच्या प्रत्येक व्यक्तीला त्यात बसवून पाहावे. एकाहून अधिक जण बसले, तर दोष प्रश्नात आहे. मूळ प्रश्नात वसुदेव, पराशर आणि पंडू ही तिन्ही उत्तरे बसतात. मग त्या मुलीचे काय करायचे? तिला एवढेच विचारावे, ‘तू कोणता कृष्ण धरलास?’ ‘व्यास’ असे ती म्हणाली, तर तिचे गुण तिला द्यायलाच हवेत.