शाम्पू : आधी हुकूम, मग बाटली

बंगला, जंगल ही नावं इंग्रजीनं उचलली, पण शाम्पूची गोष्ट वेगळी आहे. तो मुळात हुकूम आहे! हिंदीत ‘चाँपना’ म्हणजे दाबणं, आपण पाय चेपून देतो ना, तसं. त्याचं आज्ञार्थी रूप ‘चाँपो’, म्हणजे ‘दाबा’. शेवटच्या ‘ओ’चा इंग्रजीत ‘ऊ’ झाला. साहेबानं क्रियापद शिकलं तेच ऑर्डर सोडताना, असं मला वाटतं.

1762 मध्ये हा शब्द इंग्रजीत सापडतो, पण अर्थ मालिश. केस, फेस यांचा पत्ताच नाही. पुढे पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदनं इंग्लंडमधल्या ब्रायटनला वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केली. 1822 मध्ये त्यानं शाम्पूइंगवर चक्क पुस्तक काढलं. राजा चौथा जॉर्ज याचा तो ‘शाम्पूइंग सर्जन’ होता. काय भारी जॉब टायटल!

1860 च्या सुमारास अर्थ अंगावरून डोक्यावर सरकला आणि शाम्पू म्हणजे डोकं चोळून केस धुणं झालं. मग ज्यानं धुतात त्यालाच शाम्पू म्हणू लागले. तो बाटलीत बसून आपल्याकडे परत आला. त्याची बहीण चंपी मात्र इथेच राहिली, तेल लावून.