कंपनी सोडणाऱ्या संस्थापकाला कितपत अडवता येते?

नव्या कंपनीत गुंतवणूकदाराचा पैसा येतो तेव्हा संस्थापकांकडून दोन वचने हमखास लिहून घेतली जातात. पहिले वचन असे, की कंपनीत असताना आणि ती सोडल्यावरही ठरावीक वर्षे तसाच धंदा करायचा नाही. दुसरे असे, की कंपनीची गुपिते बाहेर न्यायची नाहीत. भागधारक करारात ही दोन्ही कलमे एकाखाली एक येतात आणि सही करणाऱ्याला सारखीच जड वाटतात. भारतीय न्यायालयात मात्र त्यांचे वजन अगदी वेगवेगळे भरते.

याचे मूळ भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मध्ये आहे. कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून कोणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असे हे कलम सांगते. इंग्लंडमध्ये बंधन वाजवी आहे का, हे न्यायालय तपासते. आपल्या कलमात मात्र वाजवीपणाचा शब्दच नाही. तो फक्त अपवादात येतो. कलमाचा मसुदा न्यूयॉर्कच्या एका प्रस्तावित संहितेवरून उचललेला होता. कॅलिफोर्नियाच्या कायद्याचे मूळही तेच असल्यामुळे तिथला नियम आपल्याशी बराच जुळतो.

हे कलम किती कडक आहे, ते कलकत्ता उच्च न्यायालयाने १८७४ मध्ये माधब चंदर विरुद्ध राजकुमार दास या खटल्यात दाखवून दिले. एकाच वस्तीत दोघांचा सारखाच धंदा होता. तू इथला धंदा बंद कर, कारागिरांना दिलेली उचल मी भरून देतो, असे एकाने दुसऱ्याला सांगितले. दुसऱ्याने खरोखरच दुकान बंद केले, पण पैसे काही मिळाले नाहीत. तो न्यायालयात गेला आणि हरला. बंधन एका वस्तीपुरते असले तरी करार रद्दबातलच, असे न्यायालय म्हणाले. शब्द पाळणाऱ्याच्या पदरी काहीच पडले नाही, हे आजही खटकते. पण कलमाची भाषा पाहता दुसरा निकाल देणे कठीण होते.

कंपनीत असतानाचे बंधन मात्र टिकते. निरंजन शंकर गोलिकरी यांचा सर्वोच्च न्यायालयातला १९६७ चा निकाल यासाठी नेहमी पुढे केला जातो. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याला टायरसाठी लागणाऱ्या धाग्याचे तंत्र एका डच कंपनीकडून मिळाले होते आणि ते गुप्त ठेवण्याची अट होती. गोलिकरी यांनी पाच वर्षांच्या नोकरीचा करार केला, प्रशिक्षण घेतले आणि १९६४ मध्येच ते कोट्याच्या एका प्रतिस्पर्धी कारखान्यात रुजू झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला. तो सगळ्या नोकऱ्यांना लागू नव्हता. करारातली उरलेली मुदत आणि त्याच प्रकारचे काम, एवढ्यापुरताच तो मर्यादित होता. संस्थापक बहुधा संचालकही असतो, त्यामुळे त्याच्यावर कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १६६ चे ओझे वेगळे असते. कंपनीच्या हिताशी स्वतःचे हित भिडेल असे त्याला वागता येत नाही. खुर्चीवर बसून भावाच्या नावाने दुसरी कंपनी काढणाऱ्याला कलम २७ वाचवत नाही.

खरा वाद सुरू होतो तो खुर्ची सोडल्यावर. १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई या खटल्यात कंपनीच्या माजी व्यवस्थापकाने दिल्लीत त्याच धाटणीचा स्वतःचा धंदा उघडला होता. सोडल्यानंतर दोन वर्षे स्पर्धा करायची नाही, असे कलम करारात होते. कंपनी हरली. निकालातला एक बारकावा मात्र अनेकदा नजरेतून सुटतो. दोन न्यायमूर्तींनी कलमातल्या शब्दांवर बोट ठेवले. हे बंधन स्वतःहून सोडणाऱ्यासाठी होते आणि या माणसाला तर कंपनीनेच काढले होते, असे त्यांचे म्हणणे पडले. नोकरी संपल्यानंतरचे बंधन कलम २७ खाली मुळातच रद्दबातल आहे, हे तिसरे न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात लिहिले. पुढे रूढ झाले ते त्यांचेच मत. २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि पर्सेप्ट कंपनीच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने करार संपल्यानंतरचे बंधन मान्य केले नाही.

मग संस्थापकाला अडवण्याचा रस्ता कोणता? कलम २७ ला जोडलेला एकच अपवाद. धंद्याचे गुडविल, म्हणजे नावलौकिक, विकणारा माणूस विकत घेणाऱ्याला असे वचन देऊ शकतो, की ठरलेल्या हद्दीत मी तसाच धंदा करणार नाही. हे बंधन घेणारा तो धंदा तिथे चालवत असेपर्यंतच लागू राहते आणि धंद्याचे स्वरूप पाहता ती हद्द न्यायालयाला वाजवी वाटावी लागते.

पुण्यातल्या दोन संस्थापकांचे उदाहरण घेऊ. एकाने आपले सगळे शेअर मोठ्या कंपनीला विकले, किंमत स्वतःच्या खात्यात घेतली, आणि त्या किमतीत गुडविल धरलेले आहे असे करारात स्पष्ट लिहून दिले. त्याच्यावरचे स्पर्धेचे बंधन टिकण्याची शक्यता बरीच. दुसऱ्याच्या कंपनीत गुंतवणूकदाराने नवे शेअर घेतले. पैसा कंपनीच्या तिजोरीत गेला, संस्थापकाने काहीच विकले नाही, आणि दोन वर्षांनी मतभेद होऊन तो बाहेर पडला. करारातले कलम शब्दाला शब्द तेच असले तरी त्याला अपवादात बसवणे अवघड. त्याने विकले काय, या प्रश्नाला गुंतवणूकदाराच्या वकिलाकडे उत्तर नसते. पहिल्याच्या बाबतीतही वाद उरतो, कारण गुडविल कंपनीचे असते आणि विकले जातात ते शेअर. म्हणूनच जाणते वकील गुडविलचा उल्लेख मोघम ठेवत नाहीत. हद्द ‘संपूर्ण जग’ अशी लिहिणे तर अपवादाच्या भाषेलाच सोडून आहे.

भागीदारी संस्थेत चित्र पालटते. भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार बाहेर पडणारा भागीदार ठरावीक मुदतीपुरती किंवा हद्दीपुरती वाजवी स्पर्धाबंदी मान्य करू शकतो; कलम २७ आड येत नाही. कंपनी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी या रूपांना ही सवलत नाही.

गोपनीयतेच्या कलमाला मुदत संपण्याची अडचण नसते, कारण ते धंदा बंद करत नाही, फक्त दुसऱ्याची माहिती वापरू देत नाही. मात्र माहिती खरोखर गुप्त असावी लागते. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या २००३ च्या खटल्यात मालिकेची कल्पना विश्वासाने सांगितली होती आणि तिच्यावरून दुसरी मालिका बेतली, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाने मनाई हुकूम कायम ठेवला. नेमकी कोणती माहिती, ती विश्वासाने दिली होती का, आणि परवानगीशिवाय वापरली का, हे दावेदाराने दाखवायचे असते. ‘कंपनीची सर्व माहिती’ असे लिहिलेले कलम इथेच कोसळते. काम करता करता अंगी आलेले कौशल्य आणि डोक्यात राहिलेली ग्राहकांची नावे गुपित ठरत नाहीत, असे न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. सोर्स कोड, किंमत ठरवण्याचे सूत्र किंवा प्रक्रियेचे बारकावे यांची गोष्ट वेगळी.

भारतात व्यापारी गुपितांसाठी अजून स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने २०२४ च्या २८९ व्या अहवालात तो करण्याची शिफारस केली आहे. तोवर सारी भिस्त करारावर आणि पुराव्यावर. राजीनाम्याच्या आदल्या आठवड्यात खासगी ईमेलवर पाठवलेल्या फायली किंवा सर्व्हरवरच्या डाउनलोडची नोंद हाताशी असेल, तर अंतरिम मनाई हुकूम मिळू शकतो. सहा महिने गप्प राहून आलेल्या कंपनीला मात्र न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात तो उशिराचा.