कच्चे वजन, शिजलेले वजन आणि अब्बांचे ताट

भोरमध्ये आमच्या घरी स्वयंपाकघरात वजनकाटा आला तो अब्बांच्या मूत्रपिंडाच्या आजारामुळे. डायलिसिसची वेळ अजून आलेली नव्हती, पण पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बजावले की दिवसभरात प्रथिने चाळीस ग्रॅमच्या आसपासच ठेवा. तिथल्या आहारतज्ज्ञ ताईंनी इंग्रजीत एक कागद लिहून दिला. दुपारी ‘राइस ८० ग्रॅम, चिकन ६० ग्रॅम’, रात्री पुन्हा ‘राइस ८० ग्रॅम’, शिवाय भाजी, दूध, पोळी वगैरे. आम्ही डिजिटल काटा विकत आणला आणि दुसऱ्या दिवसापासून अब्बांचे ताट मोजून वाढू लागलो. भाभीने एक वही केली. रोज किती प्रथिने गेली, ते ती त्यात लिहायची.

दीड महिन्यात अब्बांचे वजन दोन किलोने उतरले. ते सारखे म्हणायचे, “अरे, माझं पोट भरत नाही.” आम्ही म्हणायचो, “अब्बा, कागदात एवढंच लिहिलंय.” वहीत हिशेब बरोबर होता, चाळीसच्या आतबाहेर. पुढच्या तपासणीला वही सोबत नेली. ताईंनी पहिलेच पान पाहिले आणि विचारले, “हे ऐंशी ग्रॅम तांदूळ आहेत की भात?”

आम्ही गप्प. आम्ही भात मोजत होतो. त्यांनी तांदूळ लिहिले होते.

खरे तर आपल्या भाषेत ही चूक व्हायला नको. आपण तांदूळ वेगळा म्हणतो आणि भात वेगळा. (शेतात उभा असतो तोही भातच, ही वेल्ह्याकडची आणखी एक गंमत.) इंग्रजीत मात्र पोत्यातला आणि ताटातला, दोन्ही ‘राइस’. चिकनला तर आपल्याकडेही दोन नावे नाहीत. दुकानातून पिशवीत येते तेही चिकन आणि पातेल्यातून वाढतो तेही चिकन.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. आपल्याकडचे बरेच आहारतज्ज्ञ तेच वापरतात, आणि त्यातले आकडे मुख्यतः कच्च्या पदार्थांचे आहेत. त्यात पांढऱ्या तांदळाच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ८ ग्रॅम प्रथिने दिली आहेत, आणि कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात सुमारे २२. तंगडीत त्याहून थोडी कमी असतात. म्हणून सगळे मांस मिसळून घ्यायचे असेल तर वीसचा आकडा धरायला सोपा पडतो. अमेरिकी सरकारच्या तक्त्यात मात्र कच्चे आणि शिजलेले दोन्ही असते. तिथे भाजलेल्या छातीच्या मांसात ३१ ग्रॅम आणि शिजलेल्या पांढऱ्या भातात जेमतेम पावणेतीन ग्रॅम लिहिलेले सापडते. म्हणजे शिजल्यावर कोंबडीचा आकडा वर गेला आणि तांदळाचा खाली आला. आग तीच, मग दोघांचे उलटे का?

प्रथिने तेवढीच, पाणी वेगळे

उत्तर पाण्यात आहे. कच्च्या मांसात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असते. ते प्रथिनांच्या बारीक तंतूंच्या मध्ये धरलेले असते. मांस तापू लागले की पन्नास-पंचावन्न अंशांच्या पुढे हे तंतू आकसायला लागतात. साठ-पासष्टच्या पुढे त्यांच्याभोवतीचे पडदेही आकसतात, आणि ओला कपडा पिळावा तसे पाणी बाहेर पडते. मंद आचेवर झाकण ठेवून चिकन परतताना आपण थेंबभरही पाणी घातलेले नसते, तरी पातेल्यात पाणी सुटते ना, तेच हे पाणी. तुकडे लहान होतात, वजन घटते, पण त्यातली प्रथिने जवळजवळ सगळी तिथेच राहतात. पाणी गेले म्हणून शंभर ग्रॅममध्ये प्रथिनांचा वाटा वाढला.

तांदळाचे उलट होते. कोरड्या दाण्यात पाणी शेकडा दहा-बारा भागच असते. गरम पाण्यात दाण्यातला स्टार्च सत्तर अंशांच्या आसपास फुगतो आणि पाणी पिऊन बसतो. अर्ध्या किलोचा सव्वा-दीड किलो भात होतो. प्रथिने होती तेवढीच राहिली, फक्त ती आता पुष्कळ पाण्यात पसरली.

म्हणून ‘भातात प्रथिने कमी असतात आणि भाजलेल्या चिकनमध्ये जास्त’ हे वाक्य अर्धवट आहे. पातेल्यात टाकली तेवढीच पातेल्यातून निघतात. बदलतो तो शंभर ग्रॅमचा आकडा.

ताईंकडून आल्यावर आम्ही घरीच मोजून पाहिले. वेल्ह्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून आम्ही इंद्रायणी घेतो. आंबेमोहोराच्या वंशातला हा तांदूळ मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्राने दिला आणि आता आमच्या भागात घरोघरी तोच असतो. जुना इंद्रायणी ५०० ग्रॅम घेतला. त्यात प्रथिने झाली ४० ग्रॅम. रिकाम्या पातेल्याचे वजन ८५० ग्रॅम. भात शिजून वाफ जिरल्यावर पातेले पुन्हा काट्यावर ठेवले, तर २,१५० ग्रॅम. म्हणजे भात १,३०० ग्रॅम. चाळीस ग्रॅम प्रथिने तेराशे ग्रॅममध्ये विभागली तर शंभर ग्रॅम भातात तीनच्या जरा वर येतात.

चिकनचेही तसेच केले. हाडे काढलेले ५०० ग्रॅम मांस, म्हणजे साधारण १०० ग्रॅम प्रथिने. शिजल्यावर तुकडे रश्शातून काढून, निथळून मोजले तर ३६० ग्रॅम भरले. शंभर ग्रॅम शिजलेल्या मांसात अठ्ठावीसच्या आसपास प्रथिने.

आता अब्बांचे ताट पाहा. ताईंना ऐंशी ग्रॅम कच्चे तांदूळ द्यायचे होते, म्हणजे आमच्या पातेल्यातला २०८ ग्रॅम भात. आम्ही देत होतो ८० ग्रॅम भात, म्हणजे तीस-एकतीस ग्रॅम तांदूळ. प्रथिने सहाच्या जागी अडीचच गेली, त्याची फार काळजी नव्हती. पण त्याबरोबर दर जेवणाला पावणेदोनशे उष्मांक कमी झाले, दोन जेवणांचे मिळून साडेतीनशे. चिकनचे उलट झाले. साठ ग्रॅम कच्चे द्यायचे, म्हणजे शिजलेले त्रेचाळीस ग्रॅम. आम्ही साठ ग्रॅम शिजलेले वाढत होतो, आणि बारा ग्रॅमऐवजी सतरा ग्रॅम प्रथिने जात होती.

दोन्ही मिळून बेरीज केली, तर द्यायची होती पंचवीस ग्रॅम आणि जात होती बावीसच्या जवळ. फरक एवढा लहान की एक चूक दुसरीला झाकत होती. प्रथिनांची बेरीज पाहून ही चूक कधीच सापडली नसती. ताईंनी ती पकडली अब्बांच्या वजनावरून. त्यांनी हेही सांगितले की प्रथिने कमी करताना पोटात उष्मांक पुरेसे गेले नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागते, आणि मग पथ्याचा हेतूच फसतो.

पुतण्याची चूक वेगळ्या वळणाची निघाली. तो पोलीस भरतीची तयारी करतोय, आणि मोबाइलमध्ये त्याचा हिशेब चालतो. तो रोज २०० ग्रॅम चिकन कच्चे मोजायचा, पण आकडा लावायचा भाजलेल्याचा ३१. म्हणून बासष्ट लिहायचा, प्रत्यक्षात होती चव्वेचाळीस. तीनशे ग्रॅम भात खायचा आणि त्याला तांदळाचा ८ लावून चोवीस लिहायचा, तिथे होती नऊ. लिहिलेली शहाऐंशी, मिळालेली त्रेपन्न. त्याच्या दोन्ही चुका एकाच दिशेच्या होत्या. अब्बांची आणि त्याची वही शेजारी ठेवून भाभी म्हणाली, “एकाला उपाशी ठेवलं आणि दुसऱ्याला वाटतंय आपण पहिलवान झालो!”

तयार आकडा का चालत नाही

मग तक्त्यातला शिजलेल्याचा आकडा घेऊन शिजलेलेच मोजावे की! चालेल, पण भात सगळीकडे सारखा शिजत नाही. नवा तांदूळ कमी पाणी घेतो, जास्त घातले तर गिचका होतो. जुना जास्त पाणी पितो आणि फुगतो. हे आमच्या अम्मीला काट्याशिवाय माहीत होते. आजारी माणसासाठी पेज केली, तर त्याच पन्नास ग्रॅम तांदळाचे अर्धा लिटर होते आणि शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिने उरत नाहीत. चिकनही तव्यावर कोरडे भाजले तर जास्त आटते, रश्शात कमी. बर्फातले चिकन असेल तर वितळतानाच पिशवीत पाणी साचते. ते पाणीही दुकानातल्या काट्यावर मांस म्हणून मोजले गेलेले असू शकते, म्हणून बर्फ सुटल्यावर, निथळून मोजलेले बरे.

त्यामुळे आम्ही कच्चेच मोजतो आणि घरचा भागाकार लावतो. तांदळाचे १,३०० भागिले ५००, म्हणजे २.६. एक ग्रॅम तांदळाचा २.६ ग्रॅम भात. ऐंशीला २.६ ने गुणले की अब्बांची वाटी. सगळ्यांचा भात एकाच पातेल्यात शिजतो, त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडावी लागत नाही. चिकनचा भागाकार ०.७२ आहे.

यातही थोडी कसर राहते, ती सांगायला हवी. चिकन उकळताना वर करडा फेस येतो, तो मांसातून सुटलेल्या प्रथिनांचाच असतो. थोडी रश्शातही उतरतात. म्हणून तुकड्यांचा आमचा आकडा किंचित जास्तच येतो. हाडांसकट मोजले तर हिशेब आणखी घसरतो, कारण तंगडी-पंखांत हाडाचा वाटा मोठा असतो. ताटात उरलेली हाडे मोजून वजा करावीत, नाहीतर अब्बांसाठी बिनहाडाचे दोन तुकडे आधीच बाजूला काढावेत. बिर्याणीच्या दिवशी आम्ही त्यांचे मांस वेगळे काढून मोजतो आणि भात वेगळा मोजतो. थर मिसळल्यावर चमचाभर बिर्याणीत काय आले, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, त्यांनी आमचे आकडे उचलू नयेत. मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते. आहारतज्ज्ञांना एवढेच विचारावे की हे वजन कच्चे की शिजलेले, हाडांसकट की हाडांशिवाय, आणि उत्तर त्याच कागदावर लिहून घ्यावे. आमच्या नव्या कागदावर आता मराठीत ‘कच्चे तांदूळ’ लिहिले आहे.

दिवाळीनंतर वेल्ह्याहून नवा इंद्रायणी आला. नेहमीच्या पाण्यात तो गिचका झाला, म्हणून पाणी कमी केले. पातेले मोजले तर ५०० ग्रॅमचा १,२०० ग्रॅमच भात. भागाकार २.६ वरून २.४ वर आला. अब्बांच्या वाटीतला भात २०८ वरून १९२ झाला. त्यांनी वाटी पाहिली आणि संशयाने विचारले, “पुन्हा कमी केलंत?” भाभीने कच्च्या तांदळाची वाटी त्यांच्या समोर धरली. ऐंशीच होते.