अहवालातला फोटो कोणाचा?

गटांसोबत काम करणारी छोटी संस्था दर महिन्याला कामाचा अहवाल काढते. चार पानं आणि चार-पाच फोटो. एक प्रत देणगीदाराकडे जाते, एक कार्यालयात राहते आणि तीच पानं व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरतात. मानोऱ्याच्या आमच्या गटांचा अहवालही असाच निघतो. त्यातल्या फोटोंसाठी बायांची परवानगी आम्ही कशी घेतो, ते आज सांगतो.

एका महिन्याचंच उदाहरण घेऊ. एका ताईच्या नवऱ्याने कर्जापायी जीव दिला. तिला शिलाई मशीन मिळालं. देणगीदाराला मशीनसोबत तिचा फोटो हवा असतो. पण मशीन हातात देताना "फोटो काढू का?" असं विचारलं, तर ती नाही कसं म्हणेल? नाही म्हटलं तर मशीन परत नेतील, ही धास्ती तिच्या मनात असते. म्हणून आम्ही मशीन आधी देतो, पोच-पावतीवर सही घेतो आणि फोटोचं चार दिवसांनी, तिच्या घरी जाऊन विचारतो. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला, तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यातही हेच आहे: संमती मोकळेपणाने, समजून, ठरावीक कामासाठी आणि कुठल्याही अटीशिवाय दिलेली असावी.

विचारताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या. फोटो काढू का? छापील अहवालात घेऊ का? व्हॉट्सॲपवर पाठवू का? पुष्कळ बाया पहिल्या दोन्हींना हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही. तांड्यावर गेलो की हे गोरमाटीत सांगणारी बाई सोबत असते. फोटो काढला की तो तिला मोबाईलवर दाखवायचा आणि खाली छापायची ओळही वाचून दाखवायची. "आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची विधवा" ही ओळ ऐकून ताई म्हणाली, "फोटो घ्या, पण हे लिहू नका." मग आम्ही "शिवणकाम सुरू केलेली गटाची सदस्य" एवढंच लिहिलं.

हे सगळं एका वहीत लिहितो: फोटोचा क्रमांक, नाव, कुठे वापरायला हो आणि कुठे नाही, तारीख, सही. अंगठा असेल तर तिच्या विश्वासाच्या बाईची साक्ष. वहीत नावं असतात, म्हणून ती कपाटात कुलपात ठेवायची.

आता बाकीचे फोटो. बैठकीत वीस जणी बसल्या असतील, तर "सगळ्यांचं चालेल ना?" असं विचारून चालत नाही. गर्दीत मान हलते, मनातलं कळत नाही. फोटो काढायच्या आधी सांगायचं, की ज्यांना नको त्यांनी या बाजूला बसा, आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला धरायचा. रक्ततपासणी शिबिरात चेहरे घेतच नाही, टेबल आणि तपासणीची पेटी घेतो. कोणाचं रक्त कमी निघालं, हे गावाला कळायचं कारण नाही. अभ्यासवर्गातली मुलं 18 वर्षांखालची, म्हणून आई-वडिलांना विचारायचं आणि मुलालाही.

चेहरा पुसट केला की झालं, असं अनेकींना वाटतं. देणगीदार तिला ओळखणार नाही, हे खरं. पण गावातली माणसं लुगडं, दार, ओसरी बघूनच ओळखतात. जिला ओळख नको, तिचे फक्त मशीनवरचे हात घ्यायचे, मागे कोरी भिंत. आणखी एक: पुराव्यासाठी जीपीएस कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोवर खाली गावाचं नाव आणि नकाशावरचे आकडे छापून येतात. घरी काढलेल्या फोटोत तो तिच्या घराचा पत्ताच झाला. मूळ फोटो कार्यालयाच्या फाईलला ठेवायचा आणि अहवालात खालची पट्टी कापून घालायचा.

आता समजा, दोन महिन्यांनी तीच ताई म्हणाली, "पोरीचं लग्न जमतंय, माझा फोटो काढून टाका." कारण विचारत बसायचं नाही. हो म्हणणं जितकं सोपं होतं, तितकंच माघार घेणं सोपं असावं, हेही कायद्यात आहे. फोटो कार्यालयाच्या मोबाईलमधून आणि संगणकातून पुसायचा, पुढच्या अहवालात घ्यायचा नाही, देणगीदाराला कळवायचं आणि वहीत तारीख टाकायची. पण वाटलेल्या छापील प्रती परत येत नाहीत. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी पुसायची सोय अडीच दिवसांच्या आसपासच असते, आणि तोवर कोणी उतरवून घेतलेला फोटो त्याच्याकडे राहतोच. म्हणून हे पहिल्याच दिवशी, सही घेण्याआधी सांगायचं. ऐकून एखादी म्हणते, "मग व्हॉट्सॲपला नको." तसं वहीत लिहायचं आणि व्हॉट्सॲपच्या प्रतीतून तो फोटो वगळायचा.

पुढच्या वेळी तुमच्या गटात कोणी मोबाईल वर केला, तर बिनधास्त विचारा: हा फोटो कुठे जाणार, आणि खाली काय लिहिणार?