पाण्याने फोड येत नाही

भाजल्यावर पाणी लावू नये, फोड येतो, ही समजूत आपल्या स्वयंपाकघरांत इतकी मुरलेली आहे, की शिकली-सवरलेली माणसंही नळाकडे जाता जाता थबकतात. तिचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही. फोड भाजल्याबरोबर दिसत नाही. तो यायला काही मिनिटं, कधी काही तास जातात, आणि तेवढ्यात कुणीतरी पाणी घातलेलं असतं. दोष पाण्यावर येतो. खरं तर फोड किती येणार हे कातडीत किती उष्णता शिरली यावर ठरतं, आणि ती उष्णता बाहेर काढायचं घरात असलेलं एकमेव साधन म्हणजे तेच पाणी.

बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी 1953 मध्ये भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे सांगितले. अगदी मधला भाग तिथल्या तिथे मरतो, त्याला काही करता येत नाही. कडेचा लाल भाग आपोआप बरा होतो. या दोन्हींच्या मधला पट्टा मात्र अधांतरी असतो. तिथल्या पेशी जिवंत असतात, पण बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह मंदावलेला असतो, आणि पुढच्या दिवस-दोन दिवसांत तो भाग सावरतो किंवा मरून जखम खोल होते. घरच्या उपचाराचा सगळा डाव या मधल्या पट्ट्यासाठी असतो. आग विझली, भांडं बाजूला झालं, म्हणजे भाजणं थांबलं असं नसतं. कातडीखाली साठलेली उष्णता पुढे काम करतच राहते.

आता एक प्रसंग धरून चालू. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सून चकल्या तळते आहे. चकली हातातून निसटून वरूनच कढईत पडते आणि उडालेलं तेल डाव्या मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला येतं. तळणीचं तेल साधारण 180 अंशांचं असतं. डाग तिच्याच अर्ध्या तळहाताएवढा. सासूबाई आतून ओरडतात, “अगं, पाणी नको घालूस, हळद लाव!”

आधी गॅस बंद. मग बांगड्या आणि घड्याळ काढायचं, तेही लगेच, कारण अर्ध्या तासात हात सुजतो आणि मग बांगडी फोडावी किंवा कापावी लागते. अंगठी असेल तर तीही काढायची. बाहीवर तेल पडलं असेल तर बाही दूर करायची, पण कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही, भोवतीचं कापायचं. त्यानंतर हात नळाखाली, बारीक धारेखाली, पूर्ण 20 मिनिटं. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. दोन मिनिटांत आग कमी झाल्यासारखी वाटते, हात बाहेर येतो आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा झोंबायला लागतो. घड्याळ लावूनच उभं राहावं. क्वीन्सलँडमध्ये भाजलेल्या सुमारे अडीच हजार मुलांच्या नोंदींचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या मुलांना अशी पूर्ण 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली ठेवलं होतं, त्यांच्यात कातडी बसवायची शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता ठळकपणे कमी दिसली. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत हा उपाय उपयोगी असतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये.

बर्फ मात्र नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि ज्या मधल्या पट्ट्याला रक्त हवंय त्याचंच तोडलं जातं. पाणी गार हवं, गोठवणारं नको. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चहाला चालेल इतकं तापून येतं, हेही लक्षात असू द्यावं. आधी दुसऱ्या हातावर घेऊन बघायचं, कोमट असेल तर माठातलं मिसळायचं. पाणी दिवसाआड येतं अशा गावात तीच बादली पुन्हा पुन्हा वापरता येते: तांब्याने हातावर ओतायचं, खाली पातेल्यात गोळा करायचं, गरम लागलं की बदलायचं. आणि एक स्पष्ट करून ठेवतो. पाणी कातडीवर, पेटलेल्या कढईत कधीच नाही. कढईने पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं आणि निवेपर्यंत उघडायचं नाही.

मग हळदीचं काय? हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, किसलेला बटाटा, यांतलं काहीच उष्णता बाहेर काढत नाही. तूप तर ती आत कोंडून ठेवतं. पण डॉक्टरांची मोठी तक्रार वेगळीच असते: हळदीने पिवळी आणि शाईने निळी झालेली जखम बघून ती किती खोल आहे हे सांगता येत नाही, आणि ती सगळी माती उकरून काढताना रोग्याला पुन्हा सोसावं लागतं. बटाट्याची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी 1985 च्या सुमारास बटाट्याच्या सालीची पट्टी भाजलेल्या मुलांवर वापरली होती. ती उकडलेल्या बटाट्याची साल, नीट निर्जंतुक करून कापडावर मांडलेली होती, आणि तिचं काम होतं जखमेला न चिकटता ती झाकणं. महागड्या पट्ट्या परवडत नव्हत्या तेव्हाची ती युक्ती. कच्चा बटाटा किसून थापण्याशी तिचा काही संबंध नाही.

वीस मिनिटं झाली की हात अलगद टिपून कोरडा करायचा. झाकायला मेडिकलमधला पॅराफिन गॉज उत्तम, त्याच्यावर साधा गॉज आणि सैलसर पट्टी. तो घरात नसेल तर अन्न झाकायचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद चालतो, पहिली वीतभर पट्टी टाकून देऊन पुढचा घ्यायचा, आणि तो हाताभोवती गुंडाळायचा नाही, वरून पसरायचा. तेही नसेल तर धुतलेलं मऊ सुती कापड. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या मात्रेने, आणि हात उशीवर उंच. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे आठवत नसेल तर ते जवळच्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आता फोड. सुनेच्या हातावर संध्याकाळपर्यंत एक-दोन टम्म फोड येतील. ते टाचणीने फोडायचे नाहीत, कारण आतली पाण्याची पिशवी हेच तिथलं उत्तम आच्छादन असतं. मोठा, ताणलेला किंवा सांध्यावरचा फोड असेल तर तो रिकामा करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. आपोआप फुटला तर साबणाच्या पाण्याने हळूच धुऊन पुन्हा झाकायचा. पट्टी पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी बदलायची. चिकटली असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवून सोडवायची, ओढायची नाही.

जखम किती खोल आहे हे ओळखायला दोन गोष्टी बघायच्या, रंग आणि वेदना. सुनेची जखम गुलाबी, ओलसर आणि हात लावू देत नाही इतकी दुखरी आहे. स्वच्छ बोटाने कडेला दाबलं तर पांढरी पडते आणि बोट उचलताच पुन्हा गुलाबी होते. ही वरवरची जखम, दोन आठवड्यांच्या आत भरणारी. उलट डाग पांढुरका, मेणासारखा, चट्टेरी लाल किंवा काळपट असेल, दाबल्यावर रंग परत येत नसेल आणि तिथे फारसं दुखत नसेल, तर सुटका झाली असं मानू नये. वेदना पोचवणारे मज्जातंतूच जळालेत म्हणून ती गप्प आहे. अशी जखम नाण्याएवढी असली तरी डॉक्टरांकडेच.

हाच अर्ध्या तळहाताचा डाग दुसरीकडे असता तर निकाल बदलला असता. तोच बोटांवर किंवा सांध्यावर असता, तर भरताना कातडी आवळून बोट वाकडं राहू शकतं. चेहरा, तळपाय, जननेंद्रियं, हीही घरी सांभाळायची ठिकाणं नाहीत. डाग हाताभोवती बांगडीसारखा गोल फिरलेला असेल तर सूज आत दाबली जाऊन पुढचा रक्तपुरवठा अडतो. आकाराचा सोपा ठोकताळा असा: रोग्याचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा जवळपास एक टक्का. फोड आलेला डाग त्याहून मोठा असेल तर पाणी घालून झालं की दवाखाना गाठायचा. दीड वर्षाच्या पोरावर चहाचा कप सांडला की त्याच्या इवल्याशा तळहाताच्या मापाने तो डाग सहज पाच-सहा टक्के भरतो. लहान मुलांची कातडी पातळ असते, म्हणून लहानसं दिसलं तरी त्यांना दाखवावंच. पाणी घालताना उरलेलं अंग पांघरुणात गरम ठेवायचं. पोर थरथरायला लागलं तर थांबायचं. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजून घेतले, तर त्यांना आधी कळतच नाही आणि जखमही भरत नाही. त्यांनाही थेट दाखवावं.

विजेचा धक्का, ॲसिड आणि बंद खोलीतली आग, यांत घरच्या उपचाराचा विचारच करू नये. विजेने कातडीवर ठिपका दिसतो आणि आत स्नायू होरपळलेले असतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. संडास साफ करायचं ॲसिड अंगावर उडालं तर कपडे काढून पाणी ओतत राहावं, वीस मिनिटांहून बरंच जास्त, आणि तसंच रुग्णालयात न्यावं. आगीतून बाहेर आलेल्या माणसाचा आवाज बसला असेल, नाकात काजळी असेल, तर बाहेर काही भाजलेलं दिसत नसलं तरी 108 ला फोन करावा. घसा आतून सुजत असतो.

घरी ठेवलेल्या जखमेवर तिसऱ्या दिवसानंतर लक्ष ठेवायचं. त्या सुमारास वेदना उतरायला हवी. ती उलट वाढली, लाली पुढे सरकली, दुर्गंधी किंवा हिरवट पू आला, ताप आला, तर जंतुसंसर्ग आहे. लहान मुलात पहिल्या काही दिवसांतला ताप, अंगावर पुरळ, जुलाब आणि मलूल होणं, हे फार छोट्या जखमेतूनही घातक ठरू शकतं. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

सुनेची जखम चौदाव्या दिवशीही उघडी राहिली, तर साध्या ड्रेसिंगवाल्याकडे न जाता प्लास्टिक सर्जनला दाखवावी. तीन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेल्या जखमेवर जाड, ओढणारा व्रण उरण्याचा धोका मोठा असतो. भाजलेल्यांसाठी वेगळी सोय असलेली रुग्णालयं फार नाहीत. नवी मुंबईत ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, भायखळ्याचं मसीना, पुण्यात ससून ही माहीत असलेली नावं. गावाकडून निघताना जिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवायला सांगावं, वाटेत जखम फक्त स्वच्छ कापडाने झाकलेली ठेवावी, कोणतंही मलम लावू नये, आणि भाजल्याची वेळ व पाणी किती मिनिटं घातलं, या दोन गोष्टी कागदावर लिहून सोबत द्याव्यात.