पाणी ओसरल्यानंतरची पाटी

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. मुख्य रस्त्यावरचे तळमजल्याचे गाळे पाण्याखाली गेले. पाणी ओसरले तेव्हा मागे उरला तो चिखल, वाकडी झालेली शटर्स आणि दुकानांसमोर रस्त्यावर साचलेले भिजक्या मालाचे ढीग. कोविडच्या निर्बंधांनी व्यापार आधीच मोडला होता आणि गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला. कोकणात वर्षभराच्या व्यापाराचा मोठा वाटा या सणात येतो. मुंबईचे चाकरमानी गावी यायच्या आत शटर वर जायलाच हवे, हा हिशेब प्रत्येक व्यापाऱ्याच्या डोक्यात होता.

अशा दुकानाबाहेर काही आठवड्यांनी एक पाटी लागते. दुकान उघडल्याचा निरोप, ग्राहकांचे आभार आणि स्वागताची सूट, एवढेच त्या पाटीवर असते. पण त्यातल्या प्रत्येक ओळीमागे दुकानाच्या आत बरेच काम व्हावे लागते. ते नीट झाले नसेल तर पाटी ग्राहकाला फसवते किंवा दुकानदारालाच बुडवते.

एक दुकान डोळ्यांसमोर आणू. भांडी आणि घरगुती वस्तूंचे, भाड्याच्या गाळ्यातले, वर पोटमाळा असलेले. नाव कोणतेही असू दे, चिपळूण, महाड किंवा सांगलीच्या बाजारात असे दुकान सहज सापडेल.

पहिला मोह असतो तो लगेच चिखल उपसायचा. चिखल ओला असतानाच काढावा लागतो हे खरेच, कारण वाळला की तो फरशीला आणि शटरच्या पट्ट्यांना घट्ट धरतो. पण फावडे हातात घेण्याआधी फोटो हवेत. भिंतीवर पाणी कुठवर चढले ती रेघ, प्रत्येक कपाट आणि प्रत्येक ढीग फोटोत यायला हवा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवायचे आणि पंचनाम्यासाठी नावही नोंदवायचे. सर्वेक्षक येईपर्यंत सडणारा माल ठेवणे शक्य नसते. अशा वेळी यादी, फोटो आणि खरेदीची बिले हाच पुरावा असतो. सरकारी मदतीवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. २०२१ च्या पुरानंतर राज्याने दुकानदारांना दिलेल्या मदतीची कमाल मर्यादा ५० हजार रुपये होती. भांड्यांच्या दुकानातली एक भिंत भरायलाही तेवढे पुरत नाहीत.

दुकान आठवडेच्या आठवडे बंद राहते ते मुख्यतः भिंतींमुळे. फरशी दोन दिवसांत धुऊन होते, पण विटांनी शोषलेले पाणी पावसाळी हवेत लवकर सुटत नाही. वरून कोरडी दिसणारी भिंत रंगवून टाकली तर महिन्याभरात रंगाला फुगे येतात आणि मागे बुरशी धरते. भिंत वाळली का ते ओळखायची सोपी रीत आहे. प्लास्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा. आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. प्लायवूडचे काउंटर फुगलेले असतात, ते टाकावेच लागतात. वीज मात्र परवानाधारक वायरमनने तपासल्याशिवाय चालू करायची नाही. पाण्यात गेलेले स्विच, बोर्ड आणि फ्यूज वाळवून वापरण्यात जिवाचा धोका असतो.

मग येते सर्वांत अवघड काम, ते म्हणजे माल वेगळा करणे. पुराचे पाणी नुसते पाणी नसते. त्यात गटार, डिझेल, मेलेली जनावरे, सगळे मिसळलेले असते. म्हणून किराणा दुकानातले धान्य, पीठ, मसाले आणि औषधाच्या दुकानातल्या गोळ्या यांना दुसरा विचारच नाही. ते नष्ट करायचे, स्वस्तातही विकायचे नाही. पाकीट बाहेरून धडधाकट दिसले तरी शिवणीतून ओल आत गेलेली असू शकते.

भांड्यांच्या दुकानात निवाडा असा सरळ नसतो. स्टीलची पातेली, डबे, ताटे साबण आणि उकळत्या पाण्याने स्वच्छ होतात. प्रेशर कुकर धुता येतो, पण त्याची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय तो विकू नये. लाकडी मुठीच्या तव्याची मूठ पाणी पिते. गरम पोळ्या ठेवायचे दुहेरी भिंतीचे डबे वरून लखलखीत दिसतात, पण कानाशी धरून हलवले की आत अडकलेल्या पाण्याचा आवाज येतो. आवाज आला तर तो डबा बाद. सर्वांत फसवा प्रकार मिक्सरचा. वाळवल्यावर तो सुरूही होतो, दुकानात दहा मिनिटे चालतो आणि ग्राहकाच्या घरी काही आठवड्यांत मोटार जळते. म्हणून मिक्सर आणि इस्त्री भंगारात.

या निवाड्याला कराची बाजूही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार नष्ट झालेल्या मालाच्या खरेदीवर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. १८ टक्के कराचा एक लाखाचा माल फेकला तर वजावटीचे १८ हजारही हातचे जातात. तोच माल कमी किमतीत का होईना, पण विकला गेला तर वजावट टिकते. त्यामुळे फेकण्यापेक्षा मिळेल त्या भावाला विकण्याकडे ओढा असतो आणि धुता येणाऱ्या भांड्यांच्या बाबतीत तो रास्तही आहे. मात्र तो माल वेगळ्या टेबलावर, ‘पुरात भिजलेला, धुतलेला माल’ असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवा. स्वागताची सूट आणि भिजक्या मालाची विक्री एकाच ओळीत मिसळली की ग्राहकाला सगळ्याच मालाचा संशय येतो. नवा आलेला कुकरही मग त्याला चिखलातला वाटतो. आणि न सांगता भिजका माल नवा म्हणून खपवणे ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या दृष्टीने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आता सुटीचा आकडा. पाटीवर १० टक्के लिहायला सोपे असते, पण त्याचे गणित आधी मांडायला हवे. समजा एक डबा ५०० रुपयांना विकला जातो आणि दुकानदाराला ४०० ला पडतो. शंभर रुपये सुटतात. १० टक्के सूट दिली की विक्री ४५० ला आणि हातात ५०, म्हणजे तेवढाच पैसा मिळवायला दुप्पट डबे विकावे लागतील. ५ टक्के सूट दिली तर ७५ रुपये उरतात. तीन डब्यांऐवजी चार विकले की भरपाई होते. सणाच्या तोंडावर तीनाचे चार होणे शक्य आहे, दुप्पट होणे कठीण. आणि २० टक्क्यांना तर डबा खरेदीच्याच भावात जातो, भाडे आणि पगार खिशातून. किराणा दुकानात नफा याहून पातळ असतो. तिथे सरसकट १० टक्के म्हणजे बहुतेक वस्तूंवर तोटा. त्यापेक्षा हजाराच्या खरेदीवर ५० रुपये कमी, अशी ठरावीक सूट बरी. तीत दुकानदाराचा खर्च हजारामागे ५० च्या पुढे कधीच जात नाही. सूट बिलावर स्वतंत्र दाखवावी, म्हणजे सूट वजा जाता उरलेल्या रकमेवरच कर लागतो.

पण पूर आलेल्या गावात एक गोष्ट या गणिताच्याही आधी येते. इथला ग्राहकसुद्धा पूरग्रस्तच असतो. त्याच्या घरातही चिखल गेलेला असतो, शेगडी गेलेली असते, गाद्या आणि डबे गेलेले असतात. आभार खरे असतील तर सूट त्याच्या गरजेच्या वस्तूंवर हवी. बादली, खराटा, फिनेल, पातेली, पाण्याची टाकी यांवर सूट आणि काचेच्या शोभेच्या वस्तू नेहमीच्या भावाने, अशी विभागणी त्याला थेट उपयोगी पडते. पुरानंतरच्या पहिल्या आठवड्यांत याच वस्तूंना मागणी उसळते आणि भाव वाढवायची संधी असते. त्या दिवसांत छापील किमतीच्या वर एक रुपया न घेतलेला दुकानदार लोकांच्या लक्षात राहतो.

आभार मानतानाही नेमके बोलावे. दुकानाची उधारीची वही बहुधा पाण्यात जाते. मग येणे किती, हे ग्राहकाच्या शब्दावरच ठरते आणि वही नसतानाही येऊन पैसे देणारा माणूस दुकान उभे राहायला खरा हात लावतो. शेजारच्यांनी चिखल काढायला मदत केलेली असते, घाऊक व्यापाऱ्याने जुनी बिले थांबवून नवा माल दिलेला असतो. नावे न घेताही हे सगळे दोन ओळींत मावते. आपल्या कल्पनेतल्या दुकानाची पाटी अशी लिहिता येईल:

‘पुनश्च हरिओम! २२ जुलैच्या पुरात दुकानात पाणी शिरले, तेव्हापासून दुकान बंद होते. सोमवार, ३० ऑगस्ट, गोकुळाष्टमीला सकाळी नऊ वाजता दुकान पुन्हा उघडत आहे. चिखल काढायला आलेल्या सगळ्यांचे आणि वही भिजली असतानाही स्वतःहून उधारी चुकती केलेल्या ग्राहकांचे मनापासून आभार. स्टीलची भांडी, बादल्या आणि साफसफाईच्या वस्तूंवर ९ सप्टेंबरपर्यंत ५ टक्के सूट, बिलावर मिळेल. हा सगळा माल नवीन आहे. पुरात भिजून धुतलेली भांडी वेगळ्या टेबलावर, वेगळ्या भावात आहेत. मिक्सर आणि इस्त्रीचा नवा माल अजून यायचा आहे. पुराआधी दुरुस्तीला दिलेल्या वस्तूंबद्दल काउंटरवर विचारावे.’

या पाटीत शेवटच्या दोन वाक्यांना सूट जाहीर करणाऱ्या वाक्याइतकेच महत्त्व आहे. अर्धे भरलेले दुकान पाहून ग्राहक परत जातो आणि पुन्हा लवकर येत नाही. काय नाही ते आधी कळले तर तो त्या तयारीने येतो. दुरुस्तीला दिलेल्या कुकरची चौकशी कुठे करायची हे लिहिले की तोंडावरचा वाद टळतो. सुटीला शेवटची तारीख हवीच. ती नसेल तर दिवाळीत पूर्ण भाव लावताना प्रत्येक गिऱ्हाइकाशी घासाघीस होते.

दुकान उघडले तरी पुराचा हिशेब मिटत नाही. विम्याची रक्कम येईपर्यंत घाऊक व्यापाऱ्याची उधारी वाढत जाते, म्हणून सुटीच्या अकरा दिवसांत जमलेल्या रोकडीतला ठरावीक भाग रोज त्याच्याकडे भरणे शहाणपणाचे. नव्या उधारीची नोंद वहीबरोबर मोबाइलवरही ठेवावी, रोजच्या पानाचा फोटो घरच्या माणसाला पाठवला तरी पुरे. फळ्यांची मांडणी पुन्हा करताना भिंतीवरची पाण्याची रेघ पुसण्याआधी मोजून ठेवावी आणि महागडा माल तिच्या वर लावावा. आणि गणपतीसाठी जादा माल भरला की विम्याची रक्कमही त्या प्रमाणात वाढवून घ्यावी. कारण दुकानात असलेल्या मालापेक्षा विमा बराच कमी रकमेचा असेल, तर कंपनी नुकसानीची भरपाईही त्याच प्रमाणात कापू शकते.